सात दिवस मेडिकल बंद ठेवायचं होतं : पाटी लिहिण्यापासून शटर पुन्हा उघडेपर्यंत

२०२५ साली गावच्या घरातल्या गणपतीची पाळी आमची होती. आमच्याकडे मूळ घरात एकच गणपती बसतो आणि दरवर्षी एकेका भावाचं घर सगळं बघतं. मूर्तीपासून भजनी मंडळाच्या चहापर्यंत सगळं त्याच घराकडे. पाळी नसली की मी दीड दिवस जाऊन परत येतो. पाळी असली की गौरी-विसर्जनापर्यंत हलता येत नाही. म्हणजे बुधवार २७ ऑगस्टपासून मंगळवार २ सप्टेंबरपर्यंत, पूर्ण सात दिवस.

माझं डोंबिवलीत औषधांचं दुकान आहे. कपड्याचं किंवा स्टेशनरीचं दुकान आठवडाभर बंद राहिलं तर गिऱ्हाईक थांबतं नाहीतर दुसरीकडे जातं. मेडिकलचं तसं नसतं. कुणाची रक्तदाबाची गोळी, कुणाचं इन्सुलिन, कुणाची फिट्सची गोळी माझ्या शटरवर अवलंबून असते. दुकानातला मुलगा हुशार आहे, त्याला कपाटन् कपाट पाठ आहे. पण तो फार्मासिस्ट नाही. डॉक्टरांच्या चिठ्ठीवरची औषधं नोंदणीकृत फार्मासिस्टच्या देखरेखीखालीच द्यायची असा कायदा आहे आणि दुकानात फार्मासिस्ट मी एकटाच. ‘आठ दिवस तू सांभाळ’ म्हणून चावी त्याच्या हातात देण्याचा प्रश्नच नव्हता. बदली फार्मासिस्टसाठी दोघातिघांकडे विचारून पाहिलं, पण गणपतीत तेही आपापल्या गावी. तेव्हा बंदच ठेवायचं ठरलं आणि खरं काम तिथून सुरू झालं. मेडिकल, दवाखाना, चष्म्याचं दुकान, रोजचा डबा असं काही चालवणाऱ्या कुणाला उपयोग होईल म्हणून सगळं क्रमाने लिहितो आहे.

आधी तिकिटं. रेल्वेचं आरक्षण आता प्रवासाच्या ६० दिवस आधी उघडतं, म्हणून २६ ऑगस्टच्या रात्रीच्या गाडीसाठी २७ जूनला आणि २ सप्टेंबरच्या परतीसाठी ४ जुलैला सकाळीच बसलो. जाण्याचं तिकीट मिळालं, परतीचं वेटिंगवर होतं. ते पुढे गणपती स्पेशल गाडीत मिळालं. हे इथे सांगण्याचं कारण म्हणजे परतीचं तिकीट पक्कं होईपर्यंत मी दुकान उघडण्याची तारीख कुणालाही सांगितली नाही. एकदा तोंडातून गेलेली तारीख लोक लक्षात ठेवतात आणि त्यानुसार गोळ्या मोजतात.

ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात एका रात्री दुकान बंद झाल्यावर बिलाचं सॉफ्टवेअर उघडून बसलो. नेहमीची गिऱ्हाइकं, त्यांचं शेवटचं बिल कधीचं आणि किती गोळ्या नेल्या, एवढंच काढायचं होतं. त्यातून जे दिसलं ते आधी डोक्यात आलं नव्हतं. बरेच जण औषधं महिन्याच्या एक ते पाच तारखेत नेतात, कारण पगार आणि पेन्शन तेव्हाच येतं. मी बंद राहणार होतो ती नेमकी महिना बदलण्याची वेळ. एका आजींचं उदाहरण घ्या. त्यांना रोज एक रक्तदाबाची गोळी. २ ऑगस्टला त्यांनी पंधरा-पंधराच्या दोन स्ट्रिप्स नेल्या होत्या. त्याच दिवसापासून सुरू केल्या असतील तर शेवटची गोळी ३१ ऑगस्टला. त्या १ सप्टेंबरला पेन्शन काढून थेट माझ्याकडे येणार आणि समोर कुलूप. अशी बरीच नावं निघाली.

म्हणून यादीचे दोन भाग केले. एक दिवसही चुकवून चालणार नाही अशी औषधं पहिल्या भागात : इन्सुलिन, फिट्सच्या गोळ्या, रक्त पातळ करणारी औषधं, किडनी बदललेल्या एका पेशंटची औषधं. या घरांना मी स्वतः फोन केले. बाकीच्यांना चिठ्ठी आणि मेसेज. फोनवर एकच विचारत होतो : ‘आज घरात किती गोळ्या शिल्लक आहेत, जरा मोजून सांगता का?’ कारण सॉफ्टवेअरला एवढंच कळतं की काय विकलं गेलं. घरात काय उरलंय हे त्याला ठाऊक नसतं. कुणी मधे चार दिवस हॉस्पिटलात होतं, कुणाचा डोस डॉक्टरांनी अर्ध्यावर आणला होता.

आधी औषध न्या म्हटलं की पैशाचा प्रश्न येतो. पेन्शन यायच्या आत एवढं बिल कसं भरायचं, असं काही जण संकोचाने म्हणाले. ओळखीच्या लोकांना मी पुढच्या महिन्याच्या गोळ्या देऊन पैसे ३ सप्टेंबरनंतर घ्यायचं ठरवलं. वहीत लिहिलं, त्यांच्यासमोर लिहिलं. बंद मी ठेवत होतो, तेव्हा त्याचा भार त्यांच्यावर का पडावा?

मग पाटीचा मजकूर. पहिला मसुदा असा होता : ‘गणपतीनिमित्त दुकान २ सप्टेंबरपर्यंत बंद राहील. ग्राहकांनी सहकार्य करावे.’ सगळीकडे दिसते तशी पाटी. ती काउंटरवर ठेवून रोज पेपर वाचायला येणाऱ्या एका काकांना दाखवली. त्यांनी चष्मा वर करून विचारलं, ‘म्हणजे दोनला येऊ की तीनला?’ थोड्या वेळाने आमची सौ. आली. ती म्हणाली, ‘अहो, बंद आहे ते शटर बघून कळेलच. मग औषध कुठून आणायचं ते लिहा ना.’ दोघांचंही खरं होतं. शेवटी ठरलेला मजकूर जसाच्या तसा देतो. दुकानांची नावं आणि नंबर गाळले आहेत.

गौरी-गणपतीनिमित्त दुकान बंद
बुधवार २७ ऑगस्ट ते मंगळवार २ सप्टेंबर. हे दोन्ही दिवस धरून बंद.
पुन्हा सुरू : बुधवार ३ सप्टेंबर, संध्याकाळी ५ वाजता.
या दिवसांत औषधांसाठी : चौकातलं (नाव) मेडिकल, सकाळी ९ ते रात्री १०. डॉक्टरांची चिठ्ठी सोबत न्या.
औषधाचं नाव किंवा जुनं बिल हवं असल्यास : (नंबर) यावर व्हॉट्सअ‍ॅप करा. उत्तर सकाळी १० ते ११ आणि रात्री ८ ते ९ या वेळात मिळेल.
तब्येत अचानक बिघडली तर आमच्या उत्तराची वाट पाहू नका. १०८ वर फोन करून अ‍ॅम्ब्युलन्स बोलवा.

यातल्या प्रत्येक ओळीमागे थोडा विचार आहे. वार आणि तारीख दोन्ही लिहिले, कारण म्हाताऱ्या माणसांना तारखेपेक्षा वार लक्षात राहतो. उघडण्याची वेळ सकाळची न ठेवता संध्याकाळी ५ ची ठेवली. गौरी-विसर्जनाच्या रात्री अख्खं कोकण परत निघतं, त्यात कोकण रेल्वेचं पावसाळी वेळापत्रक, गाड्या सावकाश चालतात. सकाळी ९ लिहून बाराला उघडण्यापेक्षा ५ लिहून ५ ला उघडणं बरं. घरात यावर थोडी चर्चा झाली, ‘अर्ध्या दिवसाचा धंदा का घालवायचा’ म्हणून. पण एखादा डायबेटिसवाला माणूस उन्हात बंद शटरसमोर उभा राहील, ते मला नको होतं.

चौकातल्या मेडिकलचं नाव लिहिण्याआधी मी त्यांच्याकडे जाऊन बसलो. एरवी आमची स्पर्धा आहे, हे दोघांनाही माहीत आहे. त्यांना सरळ सांगितलं की माझी गिऱ्हाइकं आठवडाभर तुमच्याकडे येतील, त्यातल्या काहींची औषधं तुम्ही ठेवत नसाल, तर ही यादी. कोणाचं काय हे न लिहिता फक्त औषधांची नावं आणि साधारण किती लागतील ते लिहून दिलं होतं. पेशंटची नावं दुसऱ्या दुकानाला द्यायची नाहीत, हे मी कटाक्षाने पाळतो. ते लगेच हो म्हणाले आणि यादीतली दोन औषधं स्टॉकिस्टकडून मागवूनही ठेवली. दिवाळीत ते साताऱ्याला जातात, तेव्हा त्यांच्या पाटीवर माझं नाव असेल. विचारल्याशिवाय दुसऱ्या दुकानाचं नाव पाटीवर कधी टाकू नका. तेही गावी जाणार असतील तर लोक दोन कुलपं बघून परततील.

तातडीच्या नंबराचं मला सर्वात जास्त कोडं होतं. मी कोकणात असताना फोन घेऊन करणार काय? औषध देऊ शकत नाही. आमच्या गावात रेंज घरात नसते, वरच्या आळीच्या पारावर जावं लागतं. आरती चालू असताना फोन उचलला जाणार नाही. मग विचार केला की लांबून खरोखर करता येण्यासारखं काय आहे. तर माणसाला त्याच्या औषधाचं नेमकं नाव आणि ताकद सांगणं, आणि जुन्या बिलाची प्रत पाठवणं. तेवढंच लिहिलं, आणि उत्तराच्या वेळा लिहिल्या. त्या दोन वेळांना मी पारावर जाऊन बसणार हे घरच्यांना आधीच सांगून ठेवलं. बिलाचं सॉफ्टवेअर मोबाइलवर उघडेल अशी सोय करून घेतली आणि निघण्याआधी डोंबिवलीतच एकदा मोबाइलच्या इंटरनेटवर चालवून पाहिली. १०८ ची ओळ सगळ्यात खाली, पण सगळ्यात मोठ्या अक्षरांत. घाबरलेला माणूस ओळखीच्या केमिस्टलाच आधी फोन करतो आणि त्यात वेळ जातो.

पाटी १५ ऑगस्टला लागली. कुठे लावायची यालाही अर्थ आहे. शटरवर चिकटवलेला कागद दुकान उघडं असताना शटरबरोबर वर गुंडाळला जातो, म्हणजे ज्यांनी आधी वाचायला हवं त्यांना तो दिसतच नाही. म्हणून बंदच्या आधीचे दिवस एक प्रत काउंटरच्या काचेवर, डोळ्यांच्या उंचीला. शटरसाठी वेगळा फ्लेक्स, तीन बाय दोन फुटांचा, १८० रुपयांत झाला. ऑगस्टच्या पावसात कागदावरची शाई ओघळते आणि नेमका तारखेचा आकडा पुसला जातो. शिवाय तोच मजकूर पाव पानावर छापून प्रत्येक बिलाबरोबर पिशवीत टाकला, त्याचे २०० रुपये. औषध न्यायला मुलगा किंवा कामवाल्या ताई येतात, पेशंट घरी असतो. पिशवीतली चिठ्ठी पेशंटपर्यंत पोचते.

व्हॉट्सअ‍ॅपबद्दल एक गोष्ट लक्षात ठेवा. ब्रॉडकास्ट लिस्टवरून पाठवलेला मेसेज ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केलाय त्यांनाच पोचतो. त्यामुळे मेसेज गेला म्हणजे सगळ्यांना कळलं असं धरू नका. ज्यांच्यासमोर दोन दिवस एकच टिक दिसत होती, त्यांना मी वेगळा मेसेज केला. गूगल मॅपवर दुकानाच्या वेळा आहेत, तिथेही बंदच्या तारखा टाकल्या. नवखी माणसं रात्री तेच बघून येतात.

पाटीवर आणि मेसेजमध्ये ‘आम्ही सहकुटुंब गावी जात आहोत’ हे वाक्य मुद्दाम टाळलं. दुकान बंद आहे हे गिऱ्हाइकाला कळायला हवं. घरालाही कुलूप आहे हे शटरवर लिहून जगाला सांगायची गरज नाही. जवळच्या पोलीस चौकीत मात्र तारखा सांगून आलो.

शेवटचा आठवडा गडबडीचा गेला. गिऱ्हाइकांच्या कितीतरी जुन्या चिठ्ठ्या आमच्याकडेच असतात. ‘राहू दे तुमच्याकडे, तुम्हाला माहीतच आहे’ म्हणून लोक ठेवून जातात. पण दुसऱ्या दुकानात चिठ्ठीशिवाय ही औषधं मिळणार नाहीत, आणि मिळूही नयेत. दुकानातल्या मुलाने ड्रॉवर उपसून सगळ्या चिठ्ठ्या नावानुसार लावल्या आणि येणाऱ्या प्रत्येकाच्या हातात परत दिल्या. उरलेल्या तो घरी जाऊन देऊन आला. त्याला सात दिवसांचा पगार देऊनच सुट्टी दिली. स्टॉकिस्टच्या माणसांना तारखा लिहून दिल्या, नाहीतर खोकी येऊन शेजारच्या पायरीवर पडली असती. त्या आठवड्यातले चेक आधीच वटतील असं बघितलं.

फ्रिज ही मेडिकलची सर्वात नाजूक जागा. इन्सुलिन २ ते ८ अंशांत राहायला हवं. दुकान बंद करताना सवयीने मेन स्विच पाडला जातो, तसं झालं तर आतला सगळा माल गेला. १८ तारखेपासून मी इन्सुलिनची मागणी गिऱ्हाइकांनी सांगितली तेवढीच ठेवली, म्हणजे शेवटी फ्रिजमध्ये मोजक्या पेन उरल्या. त्या परत करता येत नव्हत्या, थंड साखळीतला माल स्टॉकिस्ट सहसा परत घेत नाही. मेन स्विचवर ‘फ्रिज चालू आहे, बंद करू नये’ असा कागद लावला आणि सहाशेच्या आसपास मिळणारा डिजिटल थर्मामीटर आणला. हा थर्मामीटर मधल्या काळातलं सर्वात कमी आणि सर्वात जास्त तापमान लक्षात ठेवतो. त्याची वायर पाण्याने भरलेल्या छोट्या बाटलीत ठेवली. हवेत ठेवली तर दार उघडताच आकडा उडी मारतो, पाण्यातला आकडा आतल्या मालाच्या जवळचा असतो.

जी मंडळी आधी इन्सुलिन घेऊन गेली त्यांनाही सांगितलं : फ्रिजमध्ये ठेवा, पण फ्रीझरमध्ये किंवा बर्फाच्या खणाला चिकटून नको. गोठलेलं इन्सुलिन वितळल्यावर दिसायला नेहमीसारखं दिसू शकतं, पण ते वापरायचं नसतं.

२६ ला दुपारी ४ पर्यंत दुकान चालू ठेवलं आणि रात्रीच्या गाडीने निघालो. सकाळी घरी पोचलो तेव्हा काकांनी माटवी बांधून ठेवली होती, मूर्ती पाटावर होती. पहिले दोन दिवस एकही मेसेज नाही. मनाला रुखरुख होती की लोकांना नंबर मिळाला नसेल की काय.

३० तारखेला, शनिवारी, सकाळच्या वेळेत पारावर बसलो असताना एका मुलीचा मेसेज आला. तिच्या आईच्या फिट्सच्या गोळ्या दोन दिवसांच्याच उरल्या होत्या. आईने फोनवर मला ‘भरपूर आहेत’ सांगितलं होतं, पण डब्यातली अर्धी स्ट्रिप जुन्या, बंद केलेल्या डोसची निघाली. चौकातल्या दुकानात त्याच औषधाची दुसऱ्या कंपनीची गोळी होती. चालेल का, असं ती विचारत होती. तिला रिकाम्या स्ट्रिपचा फोटो पाठवायला सांगितला. नाव तेच होतं, पण आईची गोळी हळूहळू विरघळणारी होती, नावापुढे सीआर लिहिलेली. दुकानात होती ती साधी. या दोन गोळ्या एकमेकींच्या जागी घेता येत नाहीत. फिट्सच्या औषधात तर कंपनी बदलायची तरी डॉक्टरांना विचारावं लागतं. मी तिला जुनं बिल पाठवलं, त्यावर नेमकं नाव आणि ताकद होती. चौकातल्या दुकानदारांनी तेवढंच औषध स्टॉकिस्टकडून संध्याकाळपर्यंत मागवून दिलं. एकही डोस चुकला नाही.

१ सप्टेंबरला, गौरीपूजनाच्या दिवशी, मात्र मेसेज एकामागून एक आले, बहुतेक ‘दुकान कधी उघडणार’ असे. घरात पुरणाचा वास, बायका गौरीसमोर फेर धरत होत्या आणि मी पारावर. सगळ्यांना एकच तयार उत्तर पाठवलं, त्यात पाटीचाच मजकूर होता. असं उत्तर आधीच लिहून ठेवलेलं बरं, रेंज मिळते तेवढ्यात काम होतं.

२ तारखेला संध्याकाळी विसर्जन झालं आणि रात्री निघालो. गाडी दोन तासांहून जास्त उशिरा पोचली. तरी ५ ला शटर वर गेलं.

आत शिरल्यावर आधी फ्रिज. थर्मामीटरवर सर्वात कमी ३.१, सर्वात जास्त ९.६. शेजारचे किराणावाले म्हणाले, शनिवारी दुपारी बराच वेळ लाइट नव्हती. आठवडाभर दार कुणी उघडलं नव्हतं, म्हणजे तापमान चढलं ते लाइट गेल्यामुळेच. पण ते ८ च्या वर किती वेळ होतं हे हा थर्मामीटर सांगत नाही. त्यामुळे उरलेल्या पेन विक्रीतून काढून बाजूला ठेवल्या. नुकसान झालं, पण शंका असलेलं इन्सुलिन मी देणार नाही. पुढच्या वेळी फ्रिजला वेगळा इन्व्हर्टर लावणार आहे, आणि किराणावाल्यांना सांगून जाणार आहे की लाइट गेली की आणि आली की दोन्ही वेळा मला मेसेज करा.

मग फ्लेक्स काढला, काचेवरची प्रत काढली, गूगल मॅपवर वेळा बघून घेतल्या. जुनी पाटी राहिली की नवं गिऱ्हाईक अर्धं वाचून परत जातं. उधारीची वही पुढच्या आठवड्यात बहुतेक मिटली. चौकातल्या मेडिकलवाल्यांना गौरीचा प्रसाद देऊन आलो आणि त्यांच्या दिवाळीच्या तारखा विचारून घेतल्या, कारण आता मला त्यांच्या गिऱ्हाइकांसाठी माल मागवायचा होता.

२०२६ मध्ये गणेश चतुर्थी १४ सप्टेंबरला आहे आणि पाळी धाकट्या काकांकडे. मी दोनच दिवस जाणार, महिन्याच्या मध्यावर. तरी पाव पानाच्या चिठ्ठ्या १ तारखेपासूनच पिशवीत जातील, म्हणजे महिन्याचं औषध न्यायला येणाऱ्यांना ती त्याच खेपेत मिळेल.